आधी जय भीम कोणी म्हणायचा

रामदासपेठेतल्या एका मोठ्या दवाखान्यात मी चौकशीच्या खिडकीवर बसते. सव्वीस वर्षं झाली. समोर काच, काचेला हात जाईल एवढं भोक, डाव्या हाताला फोन. सकाळी आठ ते दुपारी दोन माझी पाळी. या सव्वीस वर्षांत लोकांनी मला 'हॅलो' जितक्या तऱ्हांनी फेकून मारला तितक्या तऱ्हांनी कोणी दगडही मारत नसेल. 'हॅलो, झोपले का सगळे?' 'ओ बाई, फोन उचलायले मुहूर्त पाहता का?' आणि आमच्या नागपूरचा खास, 'हां, बोला!' अरे बाबा, फोन तू केला, अन् बोलू मी?

मी काही गरीब गाय नाही. घरात मला सगळे तिखट म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एका माणसाला फोनवर सुनावलं, 'आधी बोलायचं शिका, मग दवाखान्यात या.' खिडकीवर माझ्या आधीपासून एक वयस्क बाई बसत, नागपुरातल्याच सदर भागातून यायच्या. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. त्या माणसाचा पोरगा वरच्या मजल्यावर तापानं फणफणत होता आणि बापाला त्याच्या खोलीचा नंबर मिळत नव्हता, एवढंच होतं. मला फार लाज वाटली.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या बाईंनी मला ही विद्या शिकवली. पहिल्या वाक्याला उत्तर द्यायचंच नाही, म्हणाल्या. पहिलं वाक्य त्याच्या भीतीचं असते, काम दुसऱ्या वाक्यात असते. आपला नमस्कार मात्र सोडायचा नाही. सगळ्यांना जसा करतो तसाच करायचा, कमी नाही, जास्त नाही. आवाज त्याच्याहून एक पायरी खाली ठेवायचा. 'नीट बोला' म्हणायचं नाही, 'शांत व्हा' तर मुळीच नाही, त्यानं माणूस आणखी पेटतो. आणि 'सॉरी सॉरी' करत त्याच्या पायाशीही लोळायचं नाही. मग असा एकच प्रश्न विचारायचा की ज्याचं उत्तर त्याला येतंच. पेशंटचं नाव काय? नाव सांगताना माणूस आपोआप खाली उतरतो. मग आपण काय करणार ते सांगायचं आणि करायचं.

'आणि शेवटचं वाक्य विसरू नको वं,' त्या म्हणाल्या. 'लागलं तर याच फोनवर करा, मी दोनपर्यंत आहे. ज्यानं आपल्यावर ओरडून फोन ठेवला, त्याले परत फोन करायची लाज वाटते. ती लाज आपण काढून घ्यायची.'

मी ऐकलं आणि मनात म्हटलं, हे तर आमच्या बाबांचंच आहे. आमचे बाबा मिलमध्ये होते. त्यांच्या बापाच्या, म्हणजे माझ्या आजाच्या काळात, गावातला कोणी दारात येऊन 'ए' म्हणाला की आजा कमरेत वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचा. छप्पन साली ह्याच नागपुरात आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून घरातून जोहार गेला. बाबा सांगायचे, की त्यानंतरही काही लोक दारात उभं राहून 'ए' म्हणूनच हाक मारत. बाबा बाहेर यायचे, सरळ उभे राहायचे आणि म्हणायचे, 'जय भीम. या, बसा. काय काम होतं?' समोरचा बसो की न बसो, खुर्ची बाहेर यायचीच. आम्हा दोघा भावंडांना त्यांनी एकच नियम घालून दिला होता, 'त्यानं काय म्हणावं ते त्याचं. आपला जय भीम आपला.'

आम्ही दोघंच भावंडं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो कोराडीला वीज केंद्रात कामाला होता आणि तिकडंच घर करून राहिला. यंत्रांच्या आवाजात काम करून करून त्याचं बोलणं तुटक झालेलं. फोनवर तो बोलायचा नाही, हुकूम सोडायचा. पण घरात आला की उंबऱ्यातूनच 'जय भीम वं' असा आवाज द्यायचा आणि मी कुठंही असले तरी 'जय भीम गा दादा' म्हणायचे. रुसवा असला तर ज्याचा रुसवा तो जय भीम म्हणायचा नाही, हा आमच्या लहानपणचा खेळ. कोण आधी म्हणतो ते पाहायचं. बहुतेक वेळा तोच हरायचा, मुद्दाम.

मग आई गेली, आणि त्यात माझी चूक झाली.

आई माझ्याकडं होती. तिला आमच्याच दवाखान्यात ठेवलं होतं. त्या दिवशी सकाळी तिचं बरं दिसत नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घरच्यांना बोलावून घ्या. दादाची सकाळची ड्युटी होती. मी आईला म्हटलं, दादाले फोन करते. तर ती म्हणाली, 'काहून त्याची ड्युटी बुडवते? संध्याकाळी येतेच ना तो.' मी तिचं ऐकलं. आयुष्यभर मी आईचं काही ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं त्या दिवशी. दुपारी बाराला ती गेली. दादा पोचला तेव्हा तिच्या अंगावर पांढरी चादर होती.

सगळे विधी होईपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मग निघताना माझ्या दारात उभा राहून म्हणाला, 'दुनियेचे फोन जोडून देते तू. मले एक फोन नाही केला.' आणि जय भीम न म्हणता पायऱ्या उतरून गेला.

पुढं चार वर्षं तो आला नाही, त्यानं माझा फोनही उचलला नाही. वहिनी सणावाराला चोरून बोलायची, ती सांगायची, 'तुमचं नाव काढलं की उठून जातात.' मी रोज सकाळी खिडकीवर बसायचे आणि हजार लोकांना हव्या त्या माणसापर्यंत पोचवायचे. माझा सख्खा भाऊ बसनं तासाच्या अंतरावर होता आणि मला त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. मला दुसरं काही नको होतं. त्यानं एकदा माझ्या उंबऱ्यात यावं आणि जय भीम म्हणावं, बस्स.

आणि एक दिवस खिडकीवरचा फोन वाजला. त्या फोनला समोरच्याचा नंबर दिसत नाही. मी नमस्कार म्हणायच्या आत तिकडून आलं, 'हॅलो! छातीचा डॉक्टर कधी बसते?'

आवाज ओळखायला मला अर्धा क्षणही लागला नाही. मोबाइलवर नाही, घरी नाही, दवाखान्याच्या फोनवर केला होता त्यानं, आणि मी तिथं बसते हे त्याला चांगलं माहीत होतं. माझ्या डोक्यात चार वर्षांचं सगळं एकदम वर आलं. इतक्या वर्षांची विद्या गेली चुलीत. मी म्हटलं, 'आज बरी आठवण आली? अन् बोलायची काही पद्धत असते की नाही?'

त्यानं फोन ठेवला. खरं सांगते, दोन मिनिटं मला बरं वाटलं. कसं सुनावलं, असं वाटलं. मग मला आठवलं की त्यानं छातीचा डॉक्टर विचारला होता. तो बिडी फार ओढायचा. पुढचा सगळा दिवस मी खिडकीवर बसून होते आणि कोणाला काय सांगितलं ते मला आठवत नाही.

दहाएक दिवसांनी परत फोन. 'हॅलो. डॉक्टर कधी बसते, एवढंच सांगा.' आता मी ठरवूनच बसले होते की भांडायचं नाही. पण झालं उलटंच. मी रडायलाच लागले. 'दादा, चुकलं माझं दादा, मी पाया पडते तुह्या, माफ कर मले, तू म्हणशील ते करते...' खिडकीबाहेर रांगेतले लोक पाहत राहिले. तिकडून त्याचा खोकला ऐकू आला. 'मी डॉक्टर विचारून राहिलो,' तो म्हणाला. 'रडणं ऐकाले नाही केला फोन.' परत ठेवला.

मला त्याचा फार राग आला. दगड आहे का हा माणूस, म्हटलं. पण घरी जाताना बसमध्ये विचार केला तेव्हा मला माझंच बोलणं ऐकू आलं. तो जोहार होता. बाबांनी घरातून घालवलेला जोहार मी फोनवर काढला होता, आणि तोही सख्ख्या भावापुढं. पहिल्या वेळी मी दार त्याच्या तोंडावर आपटलं, आणि दुसऱ्या वेळी त्याच्या गळ्यातच पडले. तो बिचारा उंबऱ्याबाहेर उभा राहून फक्त वेळ विचारत होता. त्याला तेवढंच जमत होतं. माफी द्यायची की नाही हे एका दमात ठरवायला मी त्याला सांगत होते, ते त्याला कसं जमणार?

मग मी त्या सदरच्या बाईंनी शिकवलेलं घोकून ठेवलं, परीक्षेसारखं. घरी आरशासमोर म्हणून पाहिलं. हसायला येतं आता. छातीच्या डॉक्टरांचे वार आणि वेळा एका चिठ्ठीवर लिहून फोनखाली चिकटवल्या.

तिसरा फोन महिन्यानं आला. 'हां. कोण बसलं हाय?'

मी एक श्वास घेतला. 'जय भीम,' मी म्हटलं. इतरांना नमस्कार म्हणते, त्याला जय भीमच म्हटलं, पण रोजच्या आवाजात. 'मीच आहे. छातीचे डॉक्टर मंगळवारी अन् शुक्रवारी बसतात, दहा ते एक. या मंगळवारचा नंबर लावून ठेवू का तुह्या नावानं?'

'तुम्ही' म्हटलं नाही. त्याला मी जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं असतं तर तो आणखी दूर गेला असता. 'दादा'ही म्हटलं नाही, कारण ते म्हटलं असतं तर मी रडले असते.

'लाव,' तो म्हणाला.

'जुने एक्स-रे असतील तर आण. जेवून ये, उपाशी यायची गरज नाही. अन् काही अडलं तर याच फोनवर कर, मी दोनपर्यंत असते.'

'हूं.' त्यानं फोन ठेवला, पण या वेळी आपटला नाही. मी मंगळवारच्या यादीत त्याचं नाव लिहिलं.

मंगळवारी तो आला, कोराडीच्या बसनं, एकटा. किती वाळला होता माझा दादा. शर्टाच्या कॉलरीत मान हलत होती. तो काचेसमोर उभा राहिला, पण नजर माझ्यामागच्या भिंतीवर. 'कितवा नंबर?'

'जय भीम. सातवा,' मी म्हटलं. 'त्या तिकडच्या बाकावर पंखा लागतो.'

तो जाऊन बसला त्याच बाकावर. माझ्याकडं पाठ करून दीड तास बसून राहिला, आणि मी दीड तास रांगेच्या फटीतून ती पाठ पाहत होते. डॉक्टरांकडून बाहेर आल्यावर तो खिडकीजवळून गेला तेव्हा मी म्हटलं, 'औषध कळलं ना कसं घ्यायचं? नाही कळलं तर फोन कर.' त्यानं मान हलवली आणि गेला.

तिथून त्याचे फोन सुरू झाले. महिन्यातून एक, मग दोन. प्रत्येक वेळी तसाच. 'हॅलो. चालू हाय का डॉक्टर?' आता मंगळवार-शुक्रवार त्याला पाठ होते. मी दर वेळी आधी जय भीम म्हणायचे, मग वेळ सांगायचे. त्याचा जय भीम कधी यायचा नाही. पण कामाचं झाल्यावर तो लगेच फोन ठेवायचा नाही. एकदा म्हणाला, 'इकडं लय गरम होऊन राहिलं.' मी म्हटलं, 'इथंही.' तेवढंच. एकदा विचारलं, 'आईचा तो फोटो तुह्याकडं हाय ना? निळ्या लुगड्यातला?' मी म्हटलं, 'आहे. समोरच्या खोलीत लावला. पाहायले ये कधी. मी रविवारी घरीच असते.'

'पाहू,' तो म्हणाला.

मी ओढलं नाही. 'येच' म्हटलं नाही, 'कधी येतो' विचारलं नाही. जीभ दाताखाली धरून बसले. पण त्या दिवसापासून दर रविवारी मी सकाळी समोरची खोली झाडून घ्यायचे आणि बाबांची खुर्ची दाराशी आणून ठेवायचे. रविवार संपला की परत आत. असे कितीतरी रविवार गेले. दवाखान्यात यायचंही त्यानं पुढं बंद केलं, वहिनी येऊन औषध घेऊन जायची. घरी ऑक्सिजनचं यंत्र बसवलं होतं.

आता त्या शेवटच्या मंगळवारचं सांगते.

दीड वाजून गेला होता. रांग दारापर्यंत. काचेपुढं एक माणूस माझ्यावर ओरडत होता, त्याचा कागद सापडत नव्हता. मी त्याच्याशी अगदी बाईंनी शिकवलं तसं बोलत होते, आवाज खाली, पेशंटचं नाव विचारत, कागद शोधत. माझ्यात होता नव्हता तेवढा सगळा धीर त्या अनोळखी माणसावर खर्च होत होता. तेवढ्यात फोन वाजला. तो मी खांद्यानं कानाशी धरला.

'जय भीम,' कोणीतरी म्हणालं. अगदी बारीक, दम लागलेला आवाज. 'बरी हायेस ना?'

आमच्या दवाखान्यात खेड्यापाड्यातून म्हातारे पेशंट येतात, सगळ्यांशी एकेरीत बोलतात, जय भीमही म्हणतात. मी त्या कागदांतून डोकं वर काढलं नाही. 'जय भीम. चौकशी खिडकी,' मी म्हटलं. 'पेशंटचं नाव सांगा लवकर.'

तिकडं नुसता श्वास ऐकू येत होता. मग आवाज आला, 'राहू द्या. तुम्ही काम करा. मग करतो.'

'बरं, लागलं तर याच फोनवर करा, दोनपर्यंत मी आहे,' असं मी म्हटलं आणि ठेवला. त्या ओरडणाऱ्या माणसाचा कागद सापडला. तो थँक्यू म्हणून गेला.

शनिवारी सकाळी वहिनीचा फोन आला. दादा गेला होता.

कोराडीला दादाच्या घरी पुण्यानुमोदनाचा विधी करून भन्तेजी गेल्यावर, पाहुणे पांगल्यावर, वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. 'एक गोष्ट बरी झाली बाई,' ती म्हणाली. 'मंगळवारी बोलणं झालं तुमचं. सकाळपासून घोकून राहिले होते, आज मी आधी जय भीम म्हणतो तिले. चार घास खाल्ले, नाकातली नळी काढून ठेवली, म्हणे नळीनं आवाज बिघडते. मले बाहेर बसवलं अन् फोन लावला.'

मंगळवारचा तो दम लागलेला बारीक आवाज मला परत ऐकू आला. वहिनी सांगतच होती.

'मी विचारलं, काय म्हणे बाई? तर म्हणाले, जय भीम म्हणाली. लय गर्दी हाय तिच्याकडं, लोकं ओरडून राहिले तिच्यावर, म्हणून जास्त बोललो नाही. रविवारी घरीच जातो तिच्या. शर्टही काढून ठेवला होता इस्त्रीचा.'

मी त्याला 'सांगा' म्हटलं होतं. मी त्याला 'लवकर' म्हटलं होतं. लहानपणापासून ज्याचा आवाज अर्ध्या क्षणात ओळखायचे, त्याला मी त्याचंच नाव विचारलं. तो ओरडला असता, 'हॅलो, कोण बसलं हाय' म्हणाला असता, तर मी झोपेतही ओळखलं असतं. तो नीट बोलला म्हणून मी त्याला ओळखलं नाही. आणि तरी तो चिडला नाही. मी कोण, असं त्यानं विचारलं नाही, गयावया केली नाही, फोन आपटला नाही. तुम्ही काम करा, मग करतो, म्हणाला, आणि बायकोपुढं माझं झाकलं. बाबांसारखा सरळ उभा राहिला तो, आणि दार उघडं ठेवलं, रविवारसाठी. हे मी सव्वीस वर्षं शिकले आणि जगाला करून दाखवलं. त्या दिवशी ते त्यानं माझ्याशी केलं.

आतल्या खोलीत खुंटीला तो इस्त्रीचा शर्ट अजून टांगलेला होता.

'बोलले ना तुम्ही दोघं?' वहिनीनं माझा हात धरून परत विचारलं. तिला तेवढं एक पाहिजे होतं.

'हो वहिनी, बोललो,' मी म्हटलं. 'त्यानंच आधी जय भीम म्हटला.'